हातोहात बक्षिसाचा मागोवा

लासलगावच्या बाजार समितीत सकाळी ट्रॅक्टर-ट्रॉल्यांच्या रांगा लागतात. व्यापारी ट्रॉलीजवळ येतो, दोन-चार कांदे हातात घेऊन दाबून पाहतो, बोली चढते आणि मिनिटाच्या आत सौदा होतो. मग काटा, मग हिशोबपट्टी, मग पैसे. माल विकला त्याच दिवशी शेतकऱ्याला पैसे मिळाले पाहिजेत, हा बाजार समितीच्या कायद्यातला नियम आहे. त्या नियमासाठी शेतकरी किती हट्टाने भांडतो हे इथे वाढलेल्या कोणालाही ठाऊक असतं. पुढच्या तारखेचा चेक हातात पडला की त्याच रकमेची किंमत त्याच्या मनात कमी होते. चेक वटेल की नाही, ही शंका त्यात असतेच. पण चेक नक्की वटणार असला तरी महिन्याने येणारे हजार आणि आज खिशात पडणारे हजार माणसाला सारखे वाटत नाहीत.

माणसाच्या मनाच्या याच स्वभावावर व्यसनमुक्तीतली एक उपचारपद्धती उभी आहे. इंग्रजीत तिला कंटिन्जन्सी मॅनेजमेंट म्हणतात, मी तिला सशर्त बक्षीस म्हणेन. कोकेन, मेथॅम्फेटामिन, मेफेड्रोन अशा उत्तेजक द्रव्यांच्या व्यसनावर आजवर जे उपाय तपासले गेले, त्यांत सर्वांत भक्कम पुरावा या पद्धतीच्या बाजूने आहे. दारूसाठी आणि ब्राउन शुगरसाठी थोडीफार औषधं आहेत, उत्तेजकांच्या व्यसनावर मात्र मान्यता मिळालेलं एकही औषध नाही.

नाशिक जिल्ह्याला हा विषय आता परका राहिलेला नाही. २०२३च्या ऑक्टोबरमध्ये नाशिकजवळच्या शिंदे गावात मुंबई पोलिसांनी एमडीचा, म्हणजे मेफेड्रोनचा, कारखाना पकडला. जिथे माल तयार होतो आणि वाहतूक होते तिथे तो वापरणारेही असतात, आणि त्यांना घेऊन घरचे लोक डॉक्टरांचे उंबरे झिजवतात. तिथे त्यांना समुपदेशन मिळतं, झोपेची गोळी मिळते, शपथ मिळते. ज्या पद्धतीला पुरावा आहे ती मात्र सहसा मिळत नाही. म्हणून ती कुठून आली आणि वाटेत तिचं काय काय झालं, याचा हा मागोवा.

कबुतराच्या दाण्यापासून पितळी बिल्ल्यापर्यंत

या घराण्याचा मूळ पुरुष बी. एफ. स्किनर. १९५७ साली चार्ल्स फर्स्टर आणि स्किनर यांनी प्रबलनाच्या वेळापत्रकांवर एक जाडजूड ग्रंथ काढला. पेटीतलं कबुतर बटणावर चोच मारतं आणि त्याला दाणा मिळतो. दाणा मिळाला की चोच मारणं वाढतं, यात नवल काही नव्हतं. त्यांनी विचारलेला प्रश्न पुढचा होता: दाणा कधी आणि किती चोचींनंतर द्यायचा? ठरावीक चोचींनंतर दाणा दिला तर तो खाऊन कबुतर थोडं थांबतं. कधी तिसऱ्या तर कधी तिसाव्या चोचीला दिला तर ते थांबतच नाही. दाणे तेवढेच, पण वेळापत्रक बदललं की वागणं बदलतं. पुढची साठ-सत्तर वर्षं या पद्धतीत जे यश आलं आणि जे अपयश आलं, त्याचं मूळ या एका वाक्यात आहे.

हा दाणा माणसांपर्यंत पोचला तो इलिनॉयमधल्या अ‍ॅना राज्य रुग्णालयात. तिथे १९६०च्या दशकात टिओडोरो आयलॉन आणि नेथन अ‍ॅझ्रिन यांनी वर्षानुवर्षं दाखल असलेल्या मनोरुग्णांच्या वॉर्डात बिल्ले सुरू केले. अंघोळ केली, काम केलं की बिल्ला, आणि बिल्ला देऊन हवी ती वस्तू किंवा सवलत. यातून एक महत्त्वाची गोष्ट कळली. बक्षीस खाऊच असायला हवं असं नाही, पुढे काहीतरी मिळण्याची खात्री देणारं चिन्हही चालतं. पण ते चिन्ह लगेच हातात पडायला हवं.

व्यसनाकडे ही वाट वळली ती बाल्टिमोरमध्ये. जॉन्स हॉपकिन्सच्या जॉर्ज बिगलो आणि मॅक्सीन स्टिट्झर यांनी अफूवर्गीय द्रव्यांच्या व्यसनावर मेथाडोन हे औषध घेणाऱ्या रुग्णांसोबत काम केलं. मेथाडोनचा डोस रोज दवाखान्यात येऊन घ्यावा लागे. लघवी स्वच्छ आली तर डोस घरी नेण्याची मुभा, एवढंच बक्षीस होतं. त्याने फरक पडला. व्यसनी माणसाला परिणाम कळत नाहीत, हा समज इथे जोरात हलला. परिणाम त्याला कळतात. फक्त ते जवळचे आणि नक्की असावे लागतात. कधीतरी यकृत बिघडेल, कधीतरी बायको सोडून जाईल, हा त्याच्यासाठी पुढच्या तारखेचा चेक आहे. पुडी आज रोख आहे.

व्हरमाँटचा हिशोब

१९८०च्या दशकाच्या अखेरीस अमेरिकेत कोकेनची लाट होती आणि समुपदेशनाला आलेले बहुतेक जण काही आठवड्यांत गळत होते. व्हरमाँट विद्यापीठात स्टीफन हिगिन्स आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी एक कोष्टक आखलं. पहिला निष्कर्ष १९९१ साली छापून आला. ते कोष्टक सावकाश समजून घेण्यासारखं आहे, कारण पुढचं सगळं त्याचीच लेकरं आहेत.

आठवड्यातून तीनदा, सोमवार-बुधवार-शुक्रवारी, लघवीचा नमुना. पहिला स्वच्छ नमुना आला की अडीच डॉलरचं व्हाउचर. त्यानंतरच्या प्रत्येक सलग स्वच्छ नमुन्याला सव्वा डॉलर वाढ: अडीच, पावणेचार, पाच, सव्वासहा. सलग तीन स्वच्छ आले की वर दहा डॉलर. नमुना दूषित आला किंवा माणूस आलाच नाही, तर त्या दिवशी काही नाही आणि पुढचा दर पुन्हा अडीचवर. मात्र त्यानंतर सलग पाच स्वच्छ दिले की घसरण्यापूर्वीच्या दरावर परत. बारा आठवड्यांत छत्तीस नमुने. सगळे स्वच्छ आले तर एकूण ९९७ डॉलर ५० सेंट.

पैसे रोख कधीच हातात दिले नाहीत. व्हाउचर जमा होत आणि समुपदेशकाशी बोलून त्यातून वस्तू किंवा सेवा घेतली जाई. कोणी मासेमारीचा परवानाही घेई. ती वस्तू त्या माणसाला व्यसनाशिवायच्या आयुष्यात रमायला लावणारी असावी, असा प्रयत्न होता.

१९९३ साली छापलेल्या चाचणीत अडतीस रुग्ण चिठ्ठ्या टाकून दोन गटांत विभागले होते. व्हाउचर आणि त्यासोबतचं विशेष समुपदेशन मिळालेल्या गटात ५८ टक्के लोकांनी चोवीस आठवड्यांचा उपचार पूर्ण केला. नेहमीचं समुपदेशन मिळालेल्यांत हे प्रमाण ११ टक्के होतं. सलग आठ आठवडे कोकेनपासून लांब राहणारे पहिल्या गटात ६८ टक्के आणि दुसऱ्यात ११. पुढच्याच वर्षी छापलेल्या दुसऱ्या चाचणीत दोन्ही गटांना तेच समुपदेशन देऊन फक्त एका गटाला व्हाउचर दिलं, तेव्हाही व्हाउचरचा गट पुढे राहिला.

या कोष्टकातले पाच भाग एकमेकांना धरून उभे आहेत. नमुना वारंवार घेतला जातो, म्हणून वापर निसटत नाही. निकाल आणि व्हाउचर त्याच भेटीत मिळतं, म्हणून संबंध मनात ठसतो. दर चढत जातो, म्हणून तिसऱ्या महिन्यातला एक स्वच्छ दिवस पहिल्या आठवड्यातल्या दिवसापेक्षा मोलाचा होतो. घसरण झाली की दर खाली येतो, म्हणून दहा आठवड्यांची कमाई मोडणं माणसाला महाग वाटतं. आणि परतीची वाट ठेवलेली असते, म्हणून एकदा घसरलेला माणूस ‘आता सगळंच गेलं’ म्हणून दार सोडून जात नाही.

बक्षिसाचा जोर पैशात आहे की अटीत, हा प्रश्न उरलाच होता. १९९६ साली बाल्टिमोरमध्ये केनेथ सिल्व्हरमन यांनी त्याचं उत्तर दिलं. एका गटाला स्वच्छ नमुन्यावर व्हाउचर. दुसऱ्या गटातल्या माणसाला पहिल्या गटातल्या जोडीदाराएवढंच व्हाउचर, पण स्वतःचा नमुना कसाही येवो. पहिल्या गटात जवळपास निम्मे लोक सात आठवड्यांहून अधिक सलग स्वच्छ राहिले. दुसऱ्या गटात एकालाच दोन आठवड्यांच्या पुढे जाता आलं. पैसे तेवढेच होते. अट काढली आणि उपचार संपला.

तीन वर्षांनी सिल्व्हरमन यांनी दुसरी बाजू तपासली. नेहमीच्या व्हाउचरनेही न सुधारलेल्या २९ रुग्णांना त्यांनी आळीपाळीने तीन दर लावले: शून्य, ३८० डॉलरच्या आसपास आणि ३,४८० डॉलरपर्यंत. मोठ्या दरावर जवळपास निम्मे लोक चार आठवडे वा अधिक स्वच्छ राहिले, छोट्या दरावर एकच जण आणि शून्यावर कोणीही नाही. रक्कम थोडी कमी केली तर परिणाम थोडाच कमी होईल असं नसतं. एका मर्यादेखाली परिणाम जवळजवळ नाहीसा होतो.

पाचशे चिठ्ठ्यांचं भांडं

साहजिकच तक्रार आली की गावातल्या छोट्या दवाखान्याने माणशी हजार डॉलर आणायचे कुठून? कनेक्टिकट विद्यापीठातल्या नॅन्सी पेट्री यांनी २००० साली, आधी दारूच्या रुग्णांवर, एक युक्ती छापली. स्वच्छ नमुना दिला की भांड्यात हात घालून चिठ्ठी काढायची. भांड्यात पाचशे चिठ्ठ्या. त्यातल्या अर्ध्यांवर नुसतं ‘शाबास’. २०९ चिठ्ठ्यांवर डॉलरभराचं छोटं बक्षीस, ४० वर वीस डॉलरचं आणि एकाच चिठ्ठीवर शंभराच्या घरातलं मोठं. सलग स्वच्छ राहिलं की काढायच्या चिठ्ठ्यांची संख्या वाढत जाते, घसरलं की पुन्हा एकीवर.

मराठी वाचकाला इथे मटका आठवेल आणि ते योग्यच आहे. १९६०च्या दशकात मुंबईत कापसाच्या भावावरचा सट्टा आकड्यांवर आला तेव्हा आकडे काढायला मडकं आलं, आणि त्यावरूनच त्या जुगाराचं नाव पडलं. मडक्यातली चिठ्ठी माणसाला का खेचते, याचं उत्तर फर्स्टर-स्किनरच्या कबुतरात आहे: कधी मिळेल ते ठाऊक नसलं की प्रयत्न थांबत नाही. पेट्री यांनी तीच ओढ उलट कामाला लावली. फरक इतकाच की इथे चिठ्ठी काढायला पैसे लागत नाहीत, त्यामुळे हरण्यासारखं काही नसतं. पेट्री स्वतः जुगाराच्या व्यसनाच्या अभ्यासक होत्या. भांड्याच्या पद्धतीने रुग्णांत जुगार वाढतो का, हेही त्यांनी तपासलं आणि तसं आढळलं नाही.

२००५ साली अमेरिकेतल्या आठ सामान्य दवाखान्यांतल्या ४१५ उत्तेजक-वापरकर्त्यांवरची चाचणी छापून आली. बारा आठवडे सलग स्वच्छ राहिलेले भांड्याच्या गटात १८.६ टक्के आणि नेहमीच्या उपचारात ४.९ टक्के. बक्षिसांचा माणशी खर्च सरासरी दोनशे डॉलरच्या आसपास. २०११पासून अमेरिकेच्या माजी सैनिकांच्या रुग्णालयांनी ही पद्धत स्वीकारली आणि प्रशिक्षण पेट्री यांनीच दिलं. २०१८च्या अहवालात ९४ केंद्रांवरचे दोन हजारांहून अधिक माजी सैनिक होते आणि दिलेल्या नमुन्यांपैकी दहांतले नऊ स्वच्छ होते. ही टक्केवारी वाचताना एक ध्यानात ठेवावं: आले त्यांचेच हे नमुने आहेत. ठरलेल्या भेटींपैकी निम्म्याहून थोड्याच अधिक भेटी झाल्या होत्या.

२०२३ साली कॅलिफोर्नियाने सरकारी आरोग्य योजनेतून ही सोय सुरू केली: चोवीस आठवडे, दहा डॉलरपासून चढत जाणारा दर आणि जास्तीत जास्त ५९९ डॉलर. हा आकडा प्रयोगशाळेतून आला नाही. सहाशेपासून कराचे कागद सुरू होत, म्हणून ५९९. वंशवेल अशीच वाढते. काही भाग विज्ञानातून येतो, काही तिजोरीतून. कुठला भाग कुठून आला हे ठाऊक असलं की बदल कुठे चालेल आणि कुठे चालणार नाही ते कळतं.

चेन्नईच्या सायकलरिक्षा

आपल्या देशातलं या घराण्याचं एक दूरचं पण बोलकं उदाहरण चेन्नईचं आहे. द्रव्य उत्तेजक नव्हतं, दारू होती. अर्थशास्त्रज्ञ फ्रँक शिलबाख यांनी २२९ सायकलरिक्षाचालकांवर प्रयोग केला. चालकांनी रोज ठरलेल्या वेळी कार्यालयात येऊन श्वास तपासून घ्यायचा. एका गटाला शुद्धीत आला तर १२० रुपये, प्यायलेला आला तर ६०. शुद्धीत येणाऱ्यांचं प्रमाण वाढलं, त्यांची बचतही लक्षणीय वाढली. पण एकूण पिणं फारसं घटलं नाही. माणसं तपासणी होईपर्यंत थांबली आणि नंतर प्याली.

शिलबाख यांना शुद्धीतल्या तासांचा बचतीशी संबंध तपासायचा होता, त्यामुळे त्यांच्यासाठी हा निकाल उपयोगी ठरला. आपल्यासाठी त्यातला धडा वेगळा आहे. बक्षीस तुमच्या हेतूला मिळत नाही, तुमच्या तपासणीच्या खिडकीला मिळतं. श्वासाची खिडकी काही तासांची असते, म्हणून बक्षीस त्या तासांपुरतं काम करतं. उत्तेजकांच्या लघवी-चाचणीची खिडकी साधारण दोन-तीन दिवसांची असते, म्हणून तिथे आठवड्यातून एकदा तपासलं तर मधले चार दिवस मोकळे राहतात. लोक ते बरोबर शोधून काढतात.

लासलगावात आखायचं झालं तर

समजा, निफाड तालुक्यात एखादा दवाखाना हे सुरू करतोय. समोर चोवीस वर्षांचा मुलगा आहे, पिकअप चालवतो, रात्रीच्या फेऱ्यांसाठी एमडी घ्यायला लागला आणि आता फेरी नसली तरी घेतो. बारा आठवडे, आठवड्यातून दोनदा, सोमवारी आणि गुरुवारी. पहिल्या स्वच्छ नमुन्याला ६० रुपये आणि पुढच्या प्रत्येक सलग नमुन्याला १५ रुपये वाढ. आकडे मी हिशोब समजावा म्हणून घेतले आहेत.

चोवीसही नमुने स्वच्छ आले तर शेवटचा दर ४०५ रुपये आणि एकूण ५,५८० रुपये. आता समजा पहिले नऊ स्वच्छ आले. ६०पासून १८०पर्यंत चढत त्याचे १,०८० रुपये झाले. दहावा दूषित. त्या दिवशी शून्य, पण जमलेल्या १,०८०ला हात लावायचा नाही. अकरावा पुन्हा ६०वर, बारावा ७५, तेरावा ९०. तीन सलग स्वच्छ झाले की चौदाव्याला थेट १९५, म्हणजे जिथे तुटलं होतं तिथून पुढे. असं शेवटपर्यंत गेलं तर त्याच्या हातात ४,२७५ रुपये. परतीची वाट ठेवलीच नसती तर ३,२८५. एका चुकीची किंमत पहिल्या आखणीत १,३०५ रुपये आणि दुसरीत २,२९५. पहिली किंमत जाणवेल अशी आहे, पण परत यावंसंही वाटेल अशी आहे. आखणीतला खरा विचार इथे लागतो.

आता चुकांकडे येऊ, कारण ही पद्धत फसते ती बहुतेक वेळा इथेच.

पहिली चूक पट्टीची. बाजारात मिळणारी अनेक-द्रव्य चाचणीपट्टी अ‍ॅम्फेटामिन, कोकेन, गांजा, अफूवर्गीय द्रव्यं दाखवते. मेफेड्रोन रसायनाने अ‍ॅम्फेटामिनचं नातलग असलं तरी अ‍ॅम्फेटामिनची पट्टी त्याला भरवशाने पकडत नाही. महाराष्ट्रात एमडीच्या रुग्णाला ती पट्टी लावली, तर वापर चालू असताना निकाल स्वच्छ येईल आणि दवाखाना स्वतःच्या हाताने वापराला बक्षीस देत राहील. मेफेड्रोनची वेगळी पट्टी मागवावी लागते. ओळखायचं कसं? उपचाराच्या पहिल्या दिवशी, ज्याने काल घेतल्याचं स्वतः कबूल केलं आहे, त्याचा नमुना लावून पाहावा. तो स्वच्छ दिसला तर पट्टीवर संशय घ्यावा, माणसावर नाही. उलट बाजूही आहे: सर्दीच्या काही गोळ्यांतल्या स्यूडोएफेड्रिनने अ‍ॅम्फेटामिनची पट्टी खोटी दूषित येऊ शकते. म्हणून गोळ्यांची यादी आधीच लिहून घ्यावी. नमुना ताजा आहे का, हे भांड्याच्या तापमानपट्टीवर कळतं. चार मिनिटांच्या आत तो साधारण ३२ ते ३८ अंशांत असला पाहिजे.

दुसरी चूक उशिराची. नमुना नाशिकच्या प्रयोगशाळेत पाठवला, निकाल शुक्रवारी आला, बक्षीस पुढच्या सोमवारी दिलं. तोवर बक्षिसाचा आणि त्या स्वच्छ दिवसांचा संबंध तुटलेला असतो. पट्टी पाच मिनिटांत समोरच वाचायची आणि बक्षिसाच्या रकमेची चिठ्ठी तिथल्या तिथे हातात द्यायची. मधल्या खोलीत ‘साहेबांची सही’ आली की पद्धत संपली.

तिसरी चूक दयेची. मुलगा गुरुवारी दूषित आला, पण रडला, आई सोबत होती, म्हणून ‘या वेळी देऊन टाका’. सिल्व्हरमनच्या दुसऱ्या गटाचं काय झालं ते आपण पाहिलं. दया दाखवायची ती आवाजात दाखवावी. दूषित निकाल सांगताना रागवायचं नाही, उपदेश करायचा नाही. ‘आज मिळणार नाही. सोमवारी ये, साठपासून सुरू करू,’ एवढंच म्हणायचं. घरच्यांना किंवा पोलिसांना निकाल कळवायचा नाही, नाहीतर तो नमुना द्यायलाच यायचा नाही. गैरहजेरीचा नियमही पहिल्या दिवशी कागदावर असावा. न सांगता चुकलं तर दूषित धरायचं, घरात मयत झाली असं काही असेल तर दर जागेवर थांबवायचा.

चौथी चूक लक्ष्य पसरवण्याची. एमडीही सोड, दारूही सोड, तंबाखूही सोड, मग बक्षीस. असं केलं की पहिला स्वच्छ नमुना महिनाभर येत नाही आणि ज्याला बक्षीस एकदाही मिळालं नाही त्याच्यासाठी ते अस्तित्वातच नसतं. एक द्रव्य धरायचं, आणि पहिलं बक्षीस पहिल्या आठवड्यातच मिळेल इतकी सोपी सुरुवात ठेवायची.

पाचवी गोष्ट आपल्या भागाची. चिठ्ठी किराणा दुकानाची असावी, मोबाइल रिचार्जची असावी, मुलीच्या शाळेच्या सामानाची असावी. कृषी सेवा केंद्राची मात्र असू नये. उत्तेजक सोडल्यावर पहिल्या आठवड्यांत मन खोल खाली जातं आणि त्या दुकानात कीटकनाशक मिळतं. रोख रक्कमही टाळावी, निदान सुरुवातीला.

मर्यादा

बारा आठवडे संपले की बक्षीस थांबतं आणि काहींचा वापर परत येतो. बक्षिसाने माणसाच्या आयुष्यात काही रिकामे आठवडे तयार होतात. ते कशाने भरायचे, हे बक्षीस सांगत नाही. हिगिन्स यांनी व्हाउचरसोबत काम, नाती, छंद उभे करणारं समुपदेशन जोडलं होतं ते यासाठीच. २०१८ साली पन्नास चाचण्या एकत्र करून केलेल्या विश्लेषणातही बक्षीस आणि असं समुपदेशन यांची जोडीच सर्वांत पुढे आली. आपल्याकडे समुपदेशनाची परंपरा आहे. पुण्याचं मुक्तांगण १९८६पासून ते काम करतंय, माजी व्यसनी कार्यकर्त्यांचं बळ महाराष्ट्रात आहे. कमी आहे ते त्याला जोडायचं कोष्टक.

एक आक्षेप लासलगावात नक्की येईल: न घेण्याचे पैसे कशाला, आम्हाला कोणी देतं का? त्याला माझं उत्तर असं की या पैशात आपण त्याच्या चांगुलपणाची किंमत करत नाही. पुडी त्याला आज, नक्की आणि हातोहात मिळते. तिच्या समोर तितकंच आजचं, तितकंच नक्की आणि तितकंच हातोहात काहीतरी ठेवणं, एवढंच या पैशाचं काम आहे.

जिल्ह्यातल्या व्यसनमुक्ती केंद्रांना आणि सरकारी रुग्णालयांना माझी विनंती आहे. दहा रुग्णांपासून सुरू करा. मेफेड्रोनची पट्टी मागवा, दर आणि घसरणीचा नियम एका कागदावर छापा, तो भिंतीवर लावा आणि त्या कागदाबाहेर कोणासाठीही जाऊ नका. चोवीस भेटींची वही ठेवा आणि ती वही इतरांना दाखवा. दहा जणांनी सगळेच नमुने स्वच्छ दिले तरी वर धरलेल्या दराने बक्षिसांवर ५५,८०० रुपये लागतील, त्याहून एक रुपयाही अधिक नाही.